बोगद्यात गाड्या थांबल्या तर
कात्रजच्या नव्या बोगद्यात वाहतूक अचानक थांबली तर नेमके काय करावे?

उन्हातून आत शिरताना डोळ्यांना काही क्षण पुढचे लाल दिवे नीट दिसत नाहीत, म्हणून गॉगल आधीच काढावा, हेडलाइट लो बीमवर लावावेत आणि पुढच्या गाडीपासून किमान 3 सेकंदांचे अंतर ठेवावे. गाड्या थांबलेल्या दिसताच चारही इंडिकेटर लावून वेग हळूहळू कमी करावा आणि पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतकी जागा सोडून थांबावे, म्हणजे ती बंद पडली तरी बाजूने निघता येते. खोळंबा लांबला तर इंजिन बंद करावे, दिवे मात्र चालू ठेवावेत. चित्रण करायला खाली उतरू नये (हे हौशी लोक हमखास करतात). आगीचा धूर दिसला, तर मात्र किल्ली गाडीतच ठेवून धुराच्या उलट दिशेने, भिंतीच्या कडेने चालत बाहेर पडावे.