चुकलेला पर्याय कोणत्या प्रश्नाचं उत्तर होता?

“आनुवंशिकतेचा धडा पाठ आहे, पनेट चौकोनही नीट काढता येतो. तरी बहुपर्यायी प्रश्नात दोन पर्यायांपाशी अडकते आणि नेमका चुकीचाच निवडते. चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. धडा पुन्हा वाचू, की आणखी प्रश्न सोडवू?”

आधी चुकलेले जुने प्रश्न काढ. नवीन प्रश्नसंच त्यानंतर. अगदी हीच तक्रार घेऊन एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती. तिच्यासोबत जे केलं ते सविस्तर सांगते, कारण या धड्यातल्या बऱ्याच चुका त्याच जातीच्या असतात.

मी तिची उत्तरं बघितली नाहीत, कच्चं काम केलेलं पान मागितलं. चुकलेला पहिला प्रश्न असा होता: वर्णकहीनता अप्रभावी जनुकामुळे येते. आई-वडील दोघांची त्वचा सामान्य, थोरल्या मुलाला वर्णकहीनता आहे, धाकटी मुलगी सामान्य आहे. ही मुलगी वाहक असण्याची शक्यता किती? पर्याय १/४, १/२, २/३ आणि ३/४.

तिने १/२ निवडलं होतं. पानावरचा चौकोन मात्र निर्दोष होता. थोरला मुलगा aa, म्हणजे आई-वडील दोघंही Aa, हे तिने बरोबर ओळखलं होतं. चार घरांत AA, Aa, Aa, aa मांडले होते. “चारांपैकी दोन घरं वाहक, मग निम्मंच ना, मॅडम?” तिचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता.

मी तिला एवढंच सांगितलं की प्रश्नातला ‘सामान्य’ हा शब्द बोटाने दाब आणि मग चौकोनाकडे बघ. ही मुलगी चौथ्या घरात असू शकते का? थोडा वेळ ती गप्प राहिली आणि मग तिने aa चं घर खोडलं. उरली तीन घरं, त्यांतली दोन वाहक. उत्तर २/३.

बहुतेक जण इथे वही मिटतात. खरं काम इथून पुढे आहे. मी तिला म्हटलं, आता उरलेल्या तिन्ही पर्यायांसाठी असा प्रश्न तयार कर, की तोच पर्याय बरोबर ठरेल. तिने लिहिलं: १/४ हे ‘या जोडप्याच्या पुढच्या मुलाला वर्णकहीनता असण्याची शक्यता किती’ याचं उत्तर. ३/४ हे ‘पुढचं मूल सामान्य दिसण्याची शक्यता किती’ याचं. आणि तिचं १/२? ते ‘अजून जन्माला न आलेलं मूल वाहक असण्याची शक्यता किती’ या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या मुलाबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं, म्हणून चारही घरं मोजावी लागतात. या मुलीबद्दल एक गोष्ट माहीत आहे, म्हणून एक घर बाद होतं. तिची आकडेमोड बरोबर होती, फक्त ती शेजारच्या प्रश्नाची होती.

तरी २/३ तिला पटेना. मग मी मेंडेलचं उदाहरण दिलं. १८६६ साली छापलेल्या निबंधात त्याने दुसऱ्या पिढीतल्या गोल बियांचं पुढे काय झालं ते नोंदवलं आहे. गोल बियांपासून वाढलेल्या ५६५ झाडांपैकी १९३ झाडांना फक्त गोल बिया आल्या, तर ३७२ झाडांना गोल आणि सुरकुतलेल्या अशा दोन्ही. ३७२ ला ५६५ ने भाग, जवळजवळ २/३ येतात. सुरकुतलेल्या बिया त्याने या मोजणीत घेतल्याच नव्हत्या. तिने aa चं घर खोडलं, तेही नेमकं हेच होतं. हे बघितल्यावर तिची शंका गेली.

पुढचा प्रश्न रंगांधतेचा. आई वाहक, वडिलांची दृष्टी सामान्य. होणारं मूल रंगांध मुलगा असण्याची शक्यता किती? पर्याय ०, १/४, १/२, १. तिने पुन्हा १/२ निवडलं होतं. या वेळी चूक उलट्या दिशेची होती. आधी एक घर खोडायचं राहिलं, इथे न सांगता दोन घरं खोडली गेली. मुलगा आहे हे आधीच ठाऊक असतं तर दोनच घरं उरली असती आणि १/२ बरोबर ठरलं असतं. पण इथे मुलगा असणं हीसुद्धा शक्यताच आहे, म्हणून चार घरांपैकी एक, १/४. शून्य हे ‘रंगांध मुलगी’ होण्याचं उत्तर, कारण वडिलांकडून येणारं एक्स गुणसूत्र सामान्य आहे. एक कधी? आई स्वतः रंगांध असेल आणि विचारलेलं मूल मुलगा आहे हे आधीच ठाऊक असेल तेव्हा. हे तिने कोणी न सांगता शोधलं.

वाहक आई-वडिलांची पहिली तीन मुलं सामान्य असतील तर चौथं बाधित होण्याची शक्यता किती, या प्रश्नात २७/२५६ हा पर्याय भल्याभल्यांना चकवतो. तो आकडा ‘पहिली तीन सामान्य आणि चौथं बाधित’ या अख्ख्या क्रमाचा आहे. तीन मुलं झालेली असताना चौथ्याची शक्यता १/४ च राहते.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही, आणि कुठे चालत नाही हे कळणंही तितकंच उपयोगाचं आहे. रक्तगटाचा प्रश्न घे. एका पालकाचा गट एबी, दुसऱ्याचा ओ. मुलांचे गट कोणते असू शकतात? उत्तर ए किंवा बी. चुकीच्या पर्यायांपैकी ‘फक्त एबी’ हा शुद्ध ए आणि शुद्ध बी पालकांचा आहे. ‘चारही गट’ हा अशा ए आणि बी पालकांचा, ज्यांच्याकडे एकेक ओ जनुक आहे. पण ‘एबी किंवा ओ’ या पर्यायासाठी तिला जोडी सापडेना. ती सापडणारही नाही, कारण ज्या जोडप्याला एबी आणि ओ अशी दोन्ही मुलं होऊ शकतात, त्यांना ए आणि बी गटाचीही होऊ शकतात. हा पर्याय कुठल्याही शेजारच्या प्रश्नाचा नाही. मूल आई-वडिलांपैकी एकाचा रक्तगट जसाच्या तसा घेतं, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी तो ठेवलेला असतो. तिने नेमका तोच निवडला होता.

म्हणजे तिच्या चुका दोन प्रकारच्या होत्या. चुकीच्या पर्यायाला प्रश्न जोडता आला, तर धडा येतो आहे, फक्त कोणती घरं मोजायची तिथे घोटाळा होतो आहे. अशा वेळी धडा पुन्हा वाचून काही हाती लागत नाही. प्रश्न जोडता आला नाही आणि तरी तो पर्याय खरा वाटत होता, तर तेवढाच भाग उघडून वाचायचा. तिला फक्त सहप्रभाविता पुन्हा वाचावी लागली, कारण पालक युग्मकात जनुक देतात, गट देत नाहीत, हे तिथे निसटलं होतं.

तूही तुझे चुकलेले प्रश्न असेच दोन गठ्ठ्यांत वेगळे कर. मग नवीन प्रश्न सोडवताना पर्याय आधी झाकून ठेव, आणि भागाकारात खाली कोण येणार ते शब्दांत लिही: ‘सगळी मुलं’, ‘फक्त सामान्य मुलं’, ‘फक्त मुलगे’. एवढं लिहून झालं की मगच पर्याय उघड.