फोटोतला प्रश्न आणि दहा गुणांचा आराखडा

प्रश्न (विद्यार्थिनी, यावल): सराव पत्रिकेतल्या प्रश्नाचा फोटो पाठवतेय. ‘तापी खोऱ्यातील काळ्या मृदेची निर्मिती स्पष्ट करा आणि कापूस व केळी या पिकांच्या दृष्टीने तिचे गुणदोष सांगा. (१०)’ याच्या आदर्श उत्तराचा आराखडा कसा करायचा? निम्मे गुण निर्मितीला धरू का?

निम्मे नकोत. आधी प्रश्नातली कामे मोजा. ‘निर्मिती स्पष्ट करा’ हे एक काम. पुढचे अर्धे वाक्य एकच काम सांगते असे वाटते, पण त्यात चार आहेत: कापसासाठी गुण, कापसासाठी दोष, केळीसाठी गुण, केळीसाठी दोष. वहीत दोन ओळी आणि दोन रकाने आखले की चारही खाने समोर येतात. या खान्यांना प्रत्येकी दीड, म्हणजे ६ गुण. उरलेले ४ निर्मितीला.

आता क्रियापदे बघा. ‘स्पष्ट करा’ म्हटले की कारणांची साखळी हवी, म्हणून निर्मितीचे ४ गुण चार कड्यांना एकेक असे बसतात. पहिली कडी: दख्खनच्या पठारावर लाव्हा थंड होऊन बनलेला बेसॉल्ट खडक. दुसरी: ऊन, पाऊस आणि पाण्याची रासायनिक क्रिया यांनी त्याची झालेली झीज. तिसरी: तापी आणि पूर्णा, गिरणा, पांझरा या उपनद्यांनी वाहून आणलेला गाळ, ज्यामुळे नदीकाठी थर खोल झाला. चौथी: या झिजेतून तयार झालेली मॉन्टमोरिलोनाइट प्रकारची चिकणमाती, जी ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. तिसरी कडी बहुतेकांची सुटते. ‘काळी मृदा बेसॉल्टपासून बनते’ एवढे वाक्य महाराष्ट्राच्या पठारावर कुठेही चालेल. प्रश्नात ‘तापी खोऱ्यातील’ हे शब्द आहेत, त्यांचा गुण या कडीत आहे.

दुसऱ्या भागात क्रियापद ‘सांगा’ आहे, म्हणून प्रत्येक खान्यात मुद्द्याला १ आणि कारणाला अर्धा गुण. कापसाचा गुण: पाऊस गेल्यावरही ओलावा टिकतो, सोटमूळ खोल जाते म्हणून कोरडवाहू कापूस तग धरतो. कापसाचा दोष: जमीन वाळताना भेगा पडतात, त्यात बारीक मुळे तुटतात आणि ओल उडून जाते. केळीचा गुण: मातीत पालाश बऱ्यापैकी असते, केळीला ते भरपूर लागते. केळीचा दोष: निचरा मंद असतो, केळीची मुळे उथळ, साचलेल्या पाण्यात त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. शेवटच्या खान्याला पर्याय म्हणून चुनखडीचा मुद्दा लिहून ठेवा. चुना जास्त असला की लोह पिकाला मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात.

यावल-रावेर पट्ट्यातल्या मुलांचे एक वैशिष्ट्य असते: पाने पिवळी पडतात हे घरच्या बागेत पाहिलेले असते, ते लिहिलेही जाते, पण का पडतात ते राहून जाते आणि अर्धा गुण जातो. उलट जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आवडीने लिहिले जाते. माहिती खरी आहे, पण मातीच्या प्रश्नात तिला शून्य गुण.

प्रस्तावनेला वेगळा गुण ठेवू नका. एक ओळ लिहून थेट पहिल्या कडीवर या.

प्रश्न (विद्यार्थी, शिरपूर): मित्राने पाठवलेल्या फोटोत उजवी कड कापली गेलीय, गुण दिसतच नाहीत. अंदाजाने दहा धरू का?

अंदाज करण्याआधी पानाचा वरचा भाग मागवा. गुण उजव्या समासात असतात हे खरे, पण ‘खालीलपैकी कोणतेही दोन सोडवा’ ही सूचना प्रश्नगटाच्या डोक्यावर असते आणि जवळून काढलेल्या फोटोत नेमकी तीच गायब होते. गटाला २० गुण आणि त्यातले दोन सोडवायचे असतील, तर प्रत्येकी १० हे तिथूनच कळते. मग सगळ्या गटांची बेरीज पत्रिकेवरच्या एकूण गुणांशी जुळते का पाहा. जुळली नाही, तर एखादा ‘किंवा’ तुम्ही दोनदा मोजलात किंवा पानामागचा प्रश्न फोटोत आलाच नाही.

छपाई फिकट असेल तर ‘१’ आणि ‘९’ यांची गल्लत होते. तिथेही बेरीजच कामाला येते. फोटो पुन्हा काढायचा झाल्यास कागद सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, मोबाइल कागदाला समांतर धरून काढा. आधी पूर्ण पान, मग प्रश्न. घडीवर पडलेली सावली एखादा शब्द खाते. ‘गुणदोष’मधला ‘दोष’ वाचलाच गेला नाही, तर वरच्या आराखड्यातले दोन खाने, म्हणजे ३ गुण जातात.

प्रश्न (शिक्षिका, चाळीसगाव): तपासताना मुलं आराखड्यात नसलेला, पण बरोबर मुद्दा लिहितात. त्याला गुण द्यायचे का? आणि आकृतीचे किती?

द्या, पण खान्याची मर्यादा ओलांडू देऊ नका. कापसाच्या दोषात भेगांऐवजी कुणी ‘सततच्या पावसात पाणी साचून झाड पिवळे पडते’ असे कारणासह लिहिले, तर पूर्ण दीड गुण. दोन्ही लिहिले तरी दीडच. नाहीतर कापसावर पानभर लिहून केळी सोडून देणाऱ्याला समतोल लिहिणाऱ्याइतकेच गुण मिळतील.

खरी अडचण तोच मुद्दा दोनदा आला की होते. ‘ओलावा टिकतो’ हे वाक्य कापसाला आणि केळीलाही जसेच्या तसे उचललेले दिसते. कापसाच्या खान्यात ते पूर्ण धरा. केळी बागायती पीक आहे, तिथे ‘दोन पाण्यांमधले अंतर वाढवता येते’ असे त्या पिकाशी जोडलेले असेल तरच गुण द्या.

‘काळ्या मातीत सेंद्रिय द्रव्य भरपूर असते’ हे चुकीचे विधान हमखास येते, कारण काळा रंग म्हणजे कुजलेला पाला असा समज असतो. प्रत्यक्षात या मातीत नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय द्रव्य कमीच असते. या विधानाला गुण नाही, पण बरोबर मुद्द्यांचे गुणही कापू नका. आदर्श उत्तराच्या कागदावर अशी अपेक्षित चूक बाजूला लिहून ठेवली, तर दोन तपासनिसांच्या गुणांत फरक पडत नाही.

आकृती मागितलेली नाही, तेव्हा वेगळे गुण नाहीत. मात्र खाली बेसॉल्ट, वर झिजलेला मुरूम, त्यावर माती असा नावे दिलेला उभा छेद कुणी काढला, तर निर्मितीच्या पहिल्या दोन कड्या त्यात वाचा आणि ४ च्या आतच गुण द्या. नावे नसलेल्या आकृतीला काही नाही. पाव गुण मात्र टाळा. बेरजेत हमखास चुका होतात.

प्रश्न (विद्यार्थी, नंदुरबार): एवढा आराखडा करत बसलो तर पेपर पुरा कसा होणार?

८० गुणांच्या ३ तासांच्या पत्रिकेत एका गुणाला सव्वादोन मिनिटे येतात, म्हणजे या प्रश्नाला साधारण २२. त्यातली दोन आराखड्याला. परीक्षेत पूर्ण वाक्ये लिहायची नसतात. शेवटच्या पानावर ‘लाव्हा–झीज–गाळ–भेगा’ आणि चार खान्यांत एकेक शब्द, एवढे पुरते. मग निर्मितीला आठ मिनिटे आणि प्रत्येक खान्याला तीन. निर्मिती लिहिताना बारावे मिनिट उलटले, तर चौथी कडी एका ओळीत संपवा आणि खान्यांकडे वळा, कारण तिथे एक खाना रिकामा राहिला की दीड गुण गेला.