आरओ पाणी किती मिसळू? आधी केएच मोजा

*“माशांची ३० लिटरची टाकी. पीएच पट्टीचा फोटो काढून तक्त्याशी जुळवला, पीएच ८.२ च्या आसपास वाटतो. ७.२ हवा आहे. आरओ पाण्याचा ७ आहे. किती लिटर मिसळू?”*

या आकड्यांवरून उत्तर निघत नाही, कारण पीएचची सरासरी काढता येत नाही. मिसळल्यावर हिशेबाने घटते ती क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद; केएच हा तिचाच आकडा. थेंबांच्या किटने ती आधी मोजा.

समजा केएच १२ निघाला आणि आरओचा शून्य धरला. केएच ४ हवा असेल तर ३० × ४ ÷ १२ = १०, म्हणजे १० लिटर जुनं पाणी आणि २० लिटर आरओ. पण केएच तिपटीने घटला तरी पीएच जेमतेम अर्ध्या अंकाने उतरतो. हवेशी जुळलेल्या पाण्यात ८.२ चा ७.७ होईल. निव्वळ मिसळून ७.२ गाठायचा तर केएच दहापट खाली, १.२ वर न्यावा लागेल. तिथे पाण्यात आम्ल पचवायची ताकदच उरत नाही.

माझं नुकसान इथेच झालं. एका पाणी तपासणी प्रयोगशाळेने अहवालात फक्त पीएच दिला. क्षारता “पॅकेजमध्ये नाही” म्हणाले. वर सल्ला दिला, “निम्मं आरओ घाला, आकडा मध्ये येईल.” पीएच ७.९ वरच अडला, तर म्हणाले, आणखी घाला. शेवटी फिल्टरमधल्या जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लाने उरलीसुरली क्षारता संपवली, पीएच ६ च्या खाली कोसळला आणि मासे गेले. पैसे घेऊन पाण्याबद्दल सल्ला देणाऱ्यांनी क्षारता न मोजता बोलणं मला आजही अक्षम्य वाटतं.

फोटोबद्दल: पट्टी आणि छापील तक्ता एकाच फोटोत, शेजारी शेजारी ठेवा. वेगळ्या फोटोतल्या किंवा पडद्यावरच्या तक्त्याशी जुळवू नका. फोन प्रत्येक फोटोत पांढरा रंग आपल्या मनाने ठरवतो. सावलीतला दिवसाचा उजेड घ्या, फ्लॅश बंद ठेवा. पिवळ्या दिव्याखाली हिरवा रंग पिवळसर दिसतो आणि पीएच खरा असतो त्याहून कमी वाटतो. डब्यावर दिलेल्या सेकंदांनीच फोटो काढा. तक्त्यात अर्ध्या अर्ध्याचे टप्पे असतील तर “८.२” म्हणजे ८ आणि ८.५ च्या मधलं काहीतरी, एवढंच. आरओसारख्या क्षार नसलेल्या पाण्यात तर पट्टीवरचा रंगद्रव्यच आकडा बदलू शकतो, त्यामुळे तो ७ मी विचारात घेणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर दर खेपेला पाव टाकी बदलली असती: केएच १२ वरून ९, मग पावणेसात, पाच, आणि चौथ्या खेपेला चारच्या किंचित खाली. मध्ये काही दिवस जाऊ द्या. बहुतेक माशांना ७.७ चा स्थिर पीएच चालतो. मृदू पाण्यातल्या जातींची पैदास करायची असेल तर गोष्ट वेगळी, त्याचा मला अनुभव नाही. कोणते मासे आहेत आणि केएच किती निघाला, तेवढं कळवा.