एकूण रक्कम बरोबर, कराची फोड चुकीची

प्रश्न : माझ्या जीएसटी नोंदणी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानासाठी प्रिंटर घेतला. ‘सगळे टॅक्स धरून 11,800 रुपये’ असं ठरलं आणि तेवढेच दिले. बिलावर करपात्र मूल्य 9,676, सीजीएसटी 9 टक्के 1,062 आणि एसजीएसटी 9 टक्के 1,062 असं छापलंय. बेरीज जुळते, पण माझे अकाउंटंट बिल घ्यायला तयार नाहीत. मी फसलोय का?

उत्तर : पैसे तुम्ही ठरल्याइतकेच दिलेत, त्यामुळे खिशाला चाट बसलेली नाही. पण बिल चुकीचं आहे, आणि अकाउंटंटनी ते अडवलं हे योग्यच केलं.

छापलेल्या करपात्र मूल्यावर नऊ टक्के काढून पाहा. 9,676 चे नऊ टक्के 870 रुपये 84 पैसे होतात. बिलावर मात्र 1,062 आहेत. विक्रेत्याने 18 टक्के काढले ते कर मिळवलेल्या 11,800 वर. कर आकारायचा असतो मूळ किमतीवर. ती 100 धरली, तर करासह 118 होते. म्हणून 11,800 ला 118 ने भागून 100 ने गुणायचं. मूळ किंमत येते 10,000, कर 1,800, आणि केंद्र व राज्याचे प्रत्येकी 900. सीजीएसटी नियम 35 मध्ये हीच रीत दिलेली आहे.

काही जण आधी नऊ टक्के वजा काढतात आणि उरलेल्या रकमेतून पुन्हा नऊ. तेही चूक. दोन्ही कर एकाच मूळ किमतीवर लागतात, एकावर दुसरा चढत नाही. म्हणूनच दोन्ही आकडे नेहमी सारखे यायला हवेत. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होतो का, हेही बघून ठेवा. तो महाराष्ट्राचा कोड आहे. माल परराज्यातल्या विक्रेत्याने तिथून तुमच्याकडे पाठवला असेल, तर ही फोडच चालत नाही, एकच आयजीएसटी लागतो.

आता क्रेडिटचं. 2,124 रुपयांचं इनपुट क्रेडिट घेऊ नका. त्यातले 324 रुपये कायद्याने देय नसलेला कर आहे आणि तपासणीत त्यावर नक्की बोट ठेवलं जाईल. विक्रेत्यालाही हे महागात पडतं, कारण कलम 76 नुसार कर म्हणून गोळा केलेली पूर्ण रक्कम त्याला सरकारकडे भरावीच लागते. एवढं सांगितलंत तर तो बिल दुरुस्त करायला सहसा आढेवेढे घेत नाही.

त्याला लेखी कळवा. त्याने जीएसटीआर-1 अजून भरलं नसेल, तर दुरुस्ती सोपी आहे. भरलं असेल, तर कलम 34 खाली जुन्या बिलाची पूर्ण क्रेडिट नोट घ्या आणि 10,000, 900, 900 असं नवीन बिल मागा. त्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी त्याने वार्षिक विवरणपत्र भरलं तर तिथपर्यंतच. 324 रुपये रोख परत मागू नका. सौदा करासह 11,800 चा होता. ते रुपये करातून निघून प्रिंटरच्या मूळ किमतीत जातात.

नवीन बिल तुमच्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसेपर्यंत थांबा आणि मगच 1,800 चं क्रेडिट घ्या.