शेवटची पाच मिनिटे आणि स्वतःच्या चुकांची यादी

प्रश्न : मी वर्णनात्मक मराठीच्या पेपरची तयारी करत आहे. निबंध झाल्यावर पाच मिनिटे राखून ठेवतो आणि सगळे पुन्हा वाचतो, पण तेव्हा काहीच चुकलेले दिसत नाही. तपासून आलेल्या पेपरात मात्र दरवेळी तशाच चुका असतात. वाचनाचा वेळ वाढवू का? सोबत दोन तपासलेले निबंध पाठवत आहे.

उत्तर : वेळ वाढवू नका, वाचण्याची पद्धत बदला. आपणच नुकताच लिहिलेला मजकूर वाचताना डोळा कागदावरचे अक्षर पाहण्याऐवजी मनातले वाक्य पाहतो, त्यामुळे ‘काही चुकले आहे का’ अशा मोघम प्रश्नाला बहुतेक वेळा ‘नाही’ असेच उत्तर मिळते. एका फेरीत एकच ठरावीक चूक शोधायची असेल, तर अर्थाकडे लक्ष न जाता डोळा अक्षरावर थांबतो.

तुमच्या दोन निबंधांत परीक्षकांनी 19 दुरुस्त्या केल्या आहेत. त्यांतील 8 अनेकवचनाच्या गळालेल्या अनुस्वाराच्या, 5 सामान्यरूपातील ऱ्हस्व-दीर्घाच्या, 3 लांब वाक्यातील क्रियापदाच्या आणि उरलेल्या 3 किरकोळ आहेत. तुमची यादी म्हणजे पहिले तीन प्रकार. चौथा घालण्याचा मोह होईल, पण पाच मिनिटांत तीनच फेऱ्या नीट होतात.

पहिल्या फेरीत निबंध वाचायचाच नाही. शेवटच्या ओळीपासून वर जात फक्त विभक्तिप्रत्यय लागलेल्या शब्दांवर, म्हणजे -ना, -नी, -चा, -त अशा शेवटांवर बोट ठेवायचे आणि ‘एक की अनेक?’ एवढेच विचारायचे. तुमचे ‘विद्यार्थ्याना शिक्षकानी दिलेल्या सूचना’ हे वाक्य या फेरीतून सुटणार नाही. तेथे ‘विद्यार्थ्यांना शिक्षकांनी’ हवे. उलटे वाचल्याने वाक्याचा ओघ तुटतो, आणि आपल्याला नेमके तेच हवे असते. या फेरीला दीड मिनिट पुरते.

दुसरी फेरी त्याच शब्दांवरून जाते, कारण प्रत्यय लागला की शब्दाच्या आतले अक्षरही बदलते. ‘गरीब’, ‘मूल’, ‘जमीन’ यांतील दीर्घ अक्षर सामान्यरूपात ऱ्हस्व होते : गरिबांना, मुलांचे, जमिनीवर. तुम्ही ‘गरीबांना’ आणि ‘जमीनीवर’ लिहिले आहे. मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत, म्हणून ‘शरीराला’, ‘गीतात’, ‘सूत्रांनी’ यांना हात लावू नका. घाईत बरोबर शब्द चुकीचा करून ठेवण्याचा धोका याच फेरीत सर्वांत मोठा असतो. त्यासाठी एक बंधन पाळा : नियम मनात सांगता आला तरच बदल करायचा, नुसते ‘खटकते’ म्हणून नाही. सराव झाला की या दोन फेऱ्या एकत्र करता येतील, पण आधी वेगळ्याच ठेवा.

तिसरी फेरी सुरुवातीपासून शेवटाकडे, आणि फक्त दोन ओळींहून लांब असलेल्या वाक्यांची. अशा वाक्यातले शेवटचे क्रियापद पाहायचे, त्याचा कर्ता किंवा कर्म शोधायचे आणि मधला मजकूर वगळून दोन्ही जवळजवळ म्हणून पाहायचे. तुमचे वाक्य असे आहे : ‘वाचनाची सवय लागावी म्हणून शाळांनी राबवलेल्या योजना, ज्यांत पालकांचाही सहभाग अपेक्षित होता, पुरेशी परिणामकारक ठरली नाही.’ मधले वाक्य काढले की ‘राबवलेल्या योजना पुरेशी ठरली नाही’ एवढे उरते आणि चूक ऐकू येते. ‘योजना’ एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच दिसतो, म्हणून तो इथे फसवतो; ‘राबवलेल्या’ हे विशेषण मात्र अनेकवचन सांगते, तेव्हा ‘पुरेशा परिणामकारक ठरल्या नाहीत’ असे हवे.

दुरुस्ती करताना चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारून वर नवा शब्द लिहा. अक्षरावर अक्षर गिरवले की परीक्षकाला कोणते खरे ते कळत नाही. याच वेळी मुद्दा सुचला, तरी परिच्छेद उघडू नका. घाईत लिहिलेल्या नव्या वाक्याची तपासणी करायला वेळच उरत नाही.

यादीचा कागद परीक्षेत नेता येत नाही, म्हणून ती ‘अनुस्वार, सामान्यरूप, क्रियापद’ अशी त्याच क्रमाने पाठ हवी. सरावाच्या प्रत्येक निबंधात शेवटच्या पाच मिनिटांतील दुरुस्त्या वेगळ्या रंगाच्या पेनाने करा आणि पेपर तपासून आला की प्रत्येक प्रकारात तुम्ही पकडलेल्या आणि परीक्षकांना सापडलेल्या चुका शेजारी लिहा. एखादा प्रकार सलग काही निबंधांत पहिल्या लेखनातच चुकेनासा झाला, तर तो यादीतून काढून तुमच्या त्या किरकोळ तीनांपैकी जी चूक पुन्हा दिसेल ती त्या जागी घाला.