आईच्या ऐवजी वार्षिक सभेत मी मत देऊ शकतो का?

प्रश्न: आम्ही बडोद्यात, दांडिया बाजारात राहतो. आईच्या नावावर एका लिस्टेड कंपनीचे शेअर आहेत, सभा मुंबईत आहे. तिच्याऐवजी मी जाऊन मत देऊ का?

उत्तर: हो, प्रॉक्सी म्हणून जाता येईल, तुमच्या नावावर शेअर नसले तरी चालतं. कंपनी कायदा २०१३ चं कलम १०५ त्यासाठीच आहे. नोटिशीसोबतचा एमजीटी-११ फॉर्म आईच्या सहीने, रेव्हेन्यू तिकीट लावून, सभेच्या ४८ तास आधी कंपनीत पोचायला हवा. सभा शुक्रवारी सकाळी ११ ला असेल, तर बुधवारी ११ च्या आत. पोस्टात टाकल्याची तारीख धरत नाहीत. बरेच फॉर्म इथेच बाद होतात. शिवाय प्रॉक्सीला सभेत बोलता येत नाही, हात वर करूनही मत देता येत नाही, फक्त पोल, म्हणजे शेअरच्या संख्येनुसार मोजलेलं मतदान, झाला तरच. मी कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात हेच फॉर्म तपासतो, म्हणून सांगतो: नुसतं मतच द्यायचं असेल तर मुंबईची खेप कशाला? आईला घरबसल्या ई-व्होटिंग करू द्या. ते किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होतं. मात्र सभा व्हिडिओवर असेल, तर सहसा प्रॉक्सीची सोयच नसते. नोटीस आधी वाचा.