‘पाठवावी ही नम्र विनंती’ इंग्रजीत कसं लिहावं?

प्रश्न: आमची वसमतला हळदीची पेढी आहे. लंडनच्या ग्राहकाला ‘तरी आपण थकीत रक्कम लवकरात लवकर पाठवावी, ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा’ हे इंग्रजीत कसं कळवू, की आदरही राहील?

उत्तर: ‘वुड यू बी एबल टू अरेंज द पेमेंट बाय फ्रायडे?’ असं विचारा आणि शेवटी ‘काइंड रिगार्ड्स’ लिहा. हळदीच्या निर्यातीचा पत्रव्यवहार मी सांभाळतो, त्यात हेच चालतं. मराठीत आदर ‘आपण’ आणि ‘पाठवावी’ या रूपांत असतो. इंग्रजीत ‘यू’ एकच, म्हणून तो आदर प्रश्नार्थक विनंतीत न्यावा लागतो. ‘काइंडली सेंड’ आपल्याला नम्र वाटतं, पण तिकडच्या वाचकाला ती बऱ्याचदा कडक ताकीद वाटते. ‘तरी’ इथे ‘म्हणून’ या अर्थाचा आहे, त्याचं ‘स्टिल’ केलं तर वाक्यच बिघडतं. तो सरळ गाळा. ‘लवकरात लवकर’चं ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ केलं की घाई करतोय असं वाटतं, त्यापेक्षा वार सांगणं सौम्य. ‘लोभ असावा’चं भाषांतर करूच नका, जिव्हाळा दाखवायचाच असेल तर सुरुवातीला ‘आय होप यू आर वेल’ पुरे. विनंतीच्या आधी बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम एका साध्या वाक्यात द्या, म्हणजे आरोपाचा सूर येत नाही.

मात्र हे परदेशी ग्राहकापुरतं. आपल्याकडच्या बँकेला किंवा सरकारी कार्यालयाला लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘काइंडली’ रूढ आहेत, तिथे ते राहू द्या.